मुजावरबाईंचा मेल

मलिका मुजावर गारगोटीच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहत होत्या. शाळेतली जुनी माणसं मात्र घरी येत-जात असत. तशाच एकदा तानाबाई देसाई आल्या. चहा घेतला आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बाई, माझ्या तेजस्वीला एकदा बघायचं हाय. धैर्यशीलला न सांगता."

तेजस्वी आणि धैर्यशील ही तानाबाईंची मुलं, दोघंही बाईंचेच विद्यार्थी. तेजस्वी कॉलेजात असताना इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या पोराशी लग्न करून निघून गेली, तेव्हा धैर्यशीलनं त्या पोराच्या खोलीचं दार कुऱ्हाडीनं फोडलं होतं. दोघं आधीच निसटली होती म्हणून निभावलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

बाईंनी इंटरनेटवर शोधाशोध केली. आसामातल्या एका विद्यापीठाच्या पानावर तेजस्वी देसाई सापडली, आडनाव माहेरचंच. रसायनशास्त्राची प्राध्यापक, केस पांढरे, पण कपाळ तेच. फोटोखाली मेलचा पत्ता होता. बाईंनी लगेच चार ओळी लिहून पाठवल्या. आठवडा गेला तरी उत्तर नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की विषयाची जागा आपण कोरीच सोडली होती. असा मेल स्पॅममध्ये पडला असेल, नाहीतर कुणा भामट्याचा समजून पुसला असेल. दुसऱ्या वेळी त्यांनी विषयात लिहिलं : 'गारगोटीच्या मुजावरबाई, तुझ्या नववीच्या वर्गशिक्षिका'. आत आधी स्वतःची ओळख दिली, तिनं सहलीत दूधगंगेच्या काठावर गोळा केलेल्या दगडांची आठवण काढली आणि शेवटी विचारलं, 'तुझ्या आईला तुला भेटायचं आहे. तुझी तयारी असेल तर कुठं आणि कधी ते तूच सांग. नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा लिहिणार नाही.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. पीएच.डी.च्या एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला ती कोल्हापुरात येणार होती. शनिवारी चार वाजता बाईंच्या घरी आईला भेटायला तयार होती. फोन नंबर मात्र तिनं दिला नाही. 'सगळं मेलवरच ठरवू, बाई. दादाला कळता कामा नये,' एवढंच लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी बाईंनी घराचा पत्ता पाठवायला घेतला. त्यांना प्रत्येक वेळी नवा मेल उघडून लिहायची सवय होती. आलेल्या मेलखालच्या 'रिप्लाय'वर त्यांचा हात कधी गेलाच नव्हता. पत्त्याच्या जागी त्यांनी आडनावाची पहिली इंग्रजी अक्षरं टाकली, फोननं खाली नाव सुचवलं, त्यांनी ते दाबलं. मग सविस्तर लिहिलं. कळंब्याच्या रस्त्यानं कसं यायचं, फाटक कुठल्या रंगाचं. आई शेजारच्या चिमणाबाईंबरोबर एसटीनं येणार, डोळे तपासायला जाते म्हणून घरी सांगितलं आहे, धैर्यशीलला पत्ता लागणार नाही. पाठवला, फोन ठेवला आणि भात लावायला गेल्या.

कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला फोन वाजला. मेल होता. पाठवणारा धैर्यशील देसाई.

'बाई, तुमचा मेल मला आला. आईला उद्या मीच घेऊन येतो.'

बाईंनी गॅस बंद केला. 'सेंट' उघडून बघितलं, तर मेल खरंच त्याच्याच पत्त्यावर गेला होता. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची पत्रं गेल्या वर्षी त्यांनी त्याला धाडली होती, फोननं तेच देसाई लक्षात ठेवले होते. पाठवलेला मेल मागं घ्यायची पट्टी काही क्षणच दिसते; ती केव्हाच निघून गेली होती. आता त्या ओळी धैर्यशीलच्या हातात होत्या. घर, वेळ, आईचं खोटं, सगळंच.

'मीच घेऊन येतो' म्हणजे काय? तो आईला कोंडून ठेवील, की कुऱ्हाड घेऊन येईल? त्या एका ओळीतून माणसाचा आवाज ऐकू येत नव्हता. तानाबाईंना फोन लावावा, तर तो धैर्यशीलच उचलणार.

त्यांनी तेजस्वीचा शेवटचा मेल उघडला, या वेळी 'रिप्लाय' दाबलं आणि वर आलेला पत्ता एकेक अक्षर बोटानं तपासला. काही लपवलं नाही. 'माझ्या हातून चूक झाली. तुला लिहिलेला मेल धैर्यशीलला गेला. तो उद्या आईला घेऊन येतो म्हणतो. तू आली नाहीस तरी मी समजून घेईन. पण हे वाचल्याशिवाय माझ्या दारात येऊ नकोस.' खाली घराचा पत्ता पुन्हा लिहिला आणि विषयाची ओळ बदलून 'आधी हे वाच' केली.

पाठवताक्षणी उत्तर आलं. बाईंनी घाईनं उघडलं. ते आपोआप जाणारं उत्तर होतं : 'मी प्रवासात आहे. मेल पाहायला उशीर होईल.'

आता करण्यासारखं काही उरलं नाही. मेल पोचला की नाही ते कळत होतं, वाचला की नाही ते कळत नव्हतं. बाई दिवसभर फोन उशाशी घेऊन पडून राहिल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. फोन वाजला की लगेच उघडायच्या. कधी बँकेची जाहिरात, कधी विजेचं बिल. डोळ्याला डोळा लागला तो पहाटे.

शनिवारी सकाळी तेजस्वीचा मेल आला. ती कोल्हापुरात उतरली होती.

'बाई, वाचलं. पुण्याच्या विमानतळावर अर्धा तास नुसती बसून होते. परतीचं तिकीटही बघितलं. पण मी येते. आई एकटी आत येईल, दादा फाटकाबाहेर थांबेल. त्याला जमणार नसेल तर मी येणार नाही. त्याला माझा पत्ता देऊ नका. हा मेल त्याला फॉरवर्ड करू नका, खालची सगळी साखळी त्याच्याकडे जाईल.'

बाईंनी धैर्यशीलला कोरा नवा मेल लिहिला. पत्ता दोनदा वाचला. वर्गात बोलायच्या तसंच लिहिलं : 'धैर्यशील, आईला चार वाजता आण. गाडी कोपऱ्यावर लाव. तू फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाहीस. कबूल असेल तर तसं लिही. नसेल तर येऊ नकोस.'

दुपार झाली तरी उत्तर नाही. तेजस्वी तीनलाच आली. बाईंच्या पाया पडली, त्याचं कबूल आलं नाही तर चारच्या आत निघून जाईन म्हणाली आणि दाराकडं पाठ न करता, भिंतीला टेकून बसली. बाईंनी पाणी दिलं. ते तिनं हातातच धरलं. बाईंनी आतली कडी घातली, खिडकी थोडी उघडी ठेवली.

साडेतीनच्या सुमाराला बाईंचा फोन वाजला. एकच शब्द होता : 'कबूल.'

चार वाजता कोपऱ्यावर जीप थांबली. धैर्यशील उतरला. पोट सुटलेला, टक्कल पडलेला, चाळिशी डोळ्यावर. त्यानं आईला हात देऊन खाली उतरवलं, काठी हातात दिली आणि फाटकाकडं न बघता परत जीपमध्ये बसला. तानाबाई एकट्याच चालत आल्या. बाईंनी कडी काढली आणि स्वतः अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. आतून तानाबाईंचा आवाज आला, "किती वाळलीयास गं." त्यानंतरचं बाईंनी ऐकायचं टाळलं.

ऊन उतरलं तशा त्या फाटक उघडून जीपपाशी गेल्या. धैर्यशील दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसला होता. बाई आल्या तसा घाईनं उतरला.

"बाई, मी तिला काय करणार न्हाय. तवाचं रगात येगळं हुतं."

"तुझं तू ठरव. पण विश्वास ठेवायचा का नाही, ते तिनं ठरवायचं."

"तिचा मेलचा पत्ता मिळंल काय?"

"मी देणार नाही. तुला काय म्हणायचं ते मला लिहून पाठव. मी तिला विचारीन. ती हो म्हणाली, तरच पुढं पाठवीन."

त्यानं मान डोलावली. मग गाडीच्या बॉनेटला टेकून तो फोन काढून बसला. जाड बोटांनी एक अक्षर टाकायचा, पुसायचा, पुन्हा टाकायचा. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि त्याला तसंच सोडून घराकडं वळल्या.