तळ कोण करपवतं?

तिसऱ्यांदा डबा परत आला, तेव्हा वहिनीने मनाशी पक्कं केलं की हे ओव्हनचं काम नाही, माणसाचं आहे.

डबा घेऊन कोपऱ्यावरची कॅफेवाली स्वतः आली होती. तिने उंबऱ्यातच झाकण उघडलं, एक बिस्किट उचललं, उताणं केलं आणि वहिनीच्या नाकासमोर धरलं. वरून बिस्किट गोरंपान, खालून तव्याच्या बुडासारखं.

"ताई, लोक कॉफीत बुडवतात आणि वर काळं तरंगतं," कॅफेवाली म्हणाली. "शनिवारी माझ्याकडे मोठी पार्टी आहे. तेव्हाही तळ असाच निघाला, तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. राग मानू नका."

"छे, राग कसला," वहिनी म्हणाली आणि दार लावून घेतल्यावर डबा ओट्यावर असा आपटला की आतल्या बिस्किटांनीही राग मानला असता.

कॅफेची बिस्किटं म्हणजे वहिनीचं स्वतःचं, एकुलतं एक राज्य. घर नवऱ्याच्या नावावर, मुलं आपापल्या गावी, आरसासुद्धा सासूबाईंनी पसंत केलेला. पण मागच्या खोलीतला तो विजेचा ओव्हन, लोणी-साखर फेटायचं ते पातेलं आणि पिठाने कायम पांढरा झालेला तो ओटा, एवढं तिचं. कोणी शिकवलं नव्हतं. बिघडवत बिघडवत शिकली होती. आणि आता शिकलेलंच बिघडत होतं.

कधीपासून? इथेच तर गोम होती. वन्सं राहायला आल्या तेव्हापासून.

वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. शिवणकामाचं दुकान चालेना म्हणून कुलूप लावून, मशीन आणि दोन ट्रंका घेऊन भावाकडे आल्या. "फुकट बसून खाणार नाही हं वहिनी," असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि ट्रंकेतून दोन मोठे, जाडजूड काळे ट्रे काढून ओट्यावर ठेवले. "एकाच वेळी दुप्पट बिस्किटं बसतील. तुमचे ते ॲल्युमिनियमचे पोचे आलेले आता माळ्यावर टाका." ट्रे जाळीवर ठेवला की ओव्हनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेकायचा. वहिनीला ते मनापासून आवडले होते, आणि आवडले होते याचाच आता राग येत होता. फुकटात कोण काय देतं?

मग बाकीचं हळूहळू ध्यानात येत गेलं. वन्सं कॅफेवालीशी कुंपणापाशी बोलत असतात आणि वहिनी आली की दोघींना एकदम हवापाणी आठवतं. वन्सं विचारतात, "लोणी किती घालता हो?" आणि उत्तर ऐकताना डोळे नको तितके मोठे करतात. एकदा तर वहिनी दूध घेऊन आत आली, तेव्हा वन्संचा हात ओव्हनच्या बटणावर होता.

"पुसत होते," वन्सं म्हणाल्या. हातात फडकं होतं खरं. पण फडकं काय, कोणाच्याही हातात असू शकतं.

वहिनीने पाळत सुरू केली. बटणावर पेन्सिलने बारीकशी खूण केली. ओव्हनच्या दाराच्या फटीत पिठाची रेघ ओढून ठेवली, म्हणजे कोणी उघडलं तर मोडेल. ओव्हनच्या काचेची वरची अर्धी बाजू वर्षानुवर्षांच्या तुपकट वाफेने तपकिरी झाली होती, आतलं काही दिसायचं नाही. खाली मात्र एक पट्टी स्वच्छ राहिली होती. ती पट्टी तिने वन्सं आल्या त्याच आठवड्यात हेरली होती. पीठ चाळताना, भाजी निवडताना, खिडकीपाशी स्टुलावर बसल्या बसल्या त्या पट्टीतून ट्रे दिसावा, कोणी हात घातला तर तोही दिसावा, म्हणून तिने तेव्हाच एक साधी सोय करून घेतली होती. सोय लहान होती, ती विसरूनही गेली होती.

खूण हलली नाही. पिठाची रेघ मोडली नाही. तळ मात्र करपतच राहिले. वहिनीने बटण कमी केलं. बिस्किटं ओव्हनमध्ये जास्त वेळ बसली, वरून आणखी पांढरी पडली आणि खालून तशीच काळी. अजून कमी केलं. आता वरून आजारी माणसासारखी दिसायला लागली.

"मला तर करपट बाजूच आवडते," नवरा चहात बुडवून खात म्हणाला. "जरा कडवट, खमंग."

"तुमची बहीण आहे म्हणून म्हणताय."

"बहीण? तिचा काय संबंध?"

"तुम्हाला कधी कशाचा संबंध दिसलाय?" वहिनी म्हणाली. नवऱ्याने आणखी एक बिस्किट उचललं. या घरात शांततेसाठी एवढं तरी करावंच लागे.

शुक्रवारी दुपारी वहिनी पिशवी घेऊन बाजारात गेली. म्हणजे कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून वळली आणि मागच्या दाराने मांजरीच्या पावलांनी आत आली. वन्सं ओव्हनसमोर उकिडव्या बसल्या होत्या. दार सताड उघडं, डोकं जवळजवळ आत.

"सापडलात!" वहिनी ओरडली.

वन्सं दचकल्या, डोकं वरच्या काठावर आपटलं. "आई गं! तुम्ही बाजारात गेला होतात ना?"

"आणि तुम्ही माझ्या ओव्हनमध्ये कशाला गेला होतात?"

"बघायला," वन्सं कपाळ चोळत उठल्या. त्यांचे डोळे आता मोठे नव्हते, बारीक झाले होते. "तुम्ही काय करून ठेवता ते बघायला. मला काय कळत नाही होय? मुद्दाम जाळताय तुम्ही. ही आली आणि बरकत गेली असं दादाला दाखवायचं, मग माझ्या ट्रंका दारात."

वहिनीने हातातली पिशवी खाली टाकली. "मी? माझीच बिस्किटं मी जाळीन?"

"मग मी कशाला जाळीन? तुमचं काम बुडालं तर मी खाऊ काय?"

"कॅफेवालीशी काय कुजबुजता मग?"

"तिला विचारत होते, वहिनी तुझ्याकडे माझ्याबद्दल काही बोलतात का म्हणून!"

एकीचाही दुसरीवर विश्वास बसला नव्हता.

"ठीक," वहिनी म्हणाली. "आत्ता एक ट्रे लावू. दोघी समोर बसू. कोणी हलायचं नाही, शिंकसुद्धा आली तर इथेच."

लावला. वहिनी स्टुलावर बसली, वन्सं पाटावर. कैद्यावर पहारा द्यावा तशा दोघी ओव्हनकडे कमी आणि एकमेकींकडे जास्त बघत होत्या. कोणी हात लावला नाही. तरी वास आला, तोच ओळखीचा, कडवट. ट्रे बाहेर काढला. वन्संनी एक गरम बिस्किट पदराने धरून मधोमध मोडलं. वरून पांढरं, मध्ये पिवळसर, खाली काळी रेघ, जणू शिवणीला चुकीचा दोरा लावलेला.

"आता बोला," वन्सं म्हणाल्या.

वहिनी त्या रेघेकडे बघत होती. कोणी बटण वाढवलं असतं, तर वरूनही लाल झालं असतं. सगळा ओव्हनच तापला असता. इथे जाळ एकाच बाजूने येत होता. तिने दार उघडलं. तळाची कॉइल नुकतीच परत पेटली होती, लालबुंद. आणि तिच्या जेमतेम चार बोटं वर जाळी. बटण कमी केलं म्हणून काय झालं, कॉइल पेटली की तेवढीच लाल होणार, आणि तिच्या तोंडाशी बसलेल्या ट्रेला तो जाळ थेट लागणार.

"जाळी एवढी खाली होती का हो?" वन्संनी विचारलं. "मी आले तेव्हा तर मधल्या खाचेत होती. कोणी हलवली?"

वहिनीला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. ती मधल्या खाचेकडे बोट दाखवून म्हणाली, "निवल्यावर वर घेऊ."

जाळी वर गेली. पुढचा ट्रे बरा निघाला, पण तळ अजून गडदच. काठाकाठाची करपलेली, मधली त्यातल्या त्यात बरी. निवलेल्या काळ्या ट्रेवर वहिनीने तळहात फिरवला. "वन्सं, उन्हात काळी साडी नेसून गेलं की काय होतं?"

"भाजतं."

"आणि पांढरी?"

वन्संनी आपल्या काळ्या ट्रेकडे बघितलं. मग शिडी लावून माळ्यावर चढल्या. मनातून लागलं असणार, ट्रे त्यांचे होते. दोन्ही जुने ॲल्युमिनियमचे ट्रे त्यांनी वरून खाली दिले. चकचकीत, पातळ, आणि एकाला भलामोठा पोचा.

"एकात एक ठेवू," वहिनी म्हणाली. "पोच्यामुळे मध्ये हवा राहील. हवा जाळाला अडवते, दुहेरी गोधडीसारखी."

"गोधडीचं मला नका सांगू," वन्सं म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "आणि लहान आहेत ते बरंच. काळा ट्रे भिंतीला भिंत लावून बसायचा, खालची गरम हवा वर जाणार कुठून? म्हणून तर वरून पांढरी."

चारही बाजूंना तळहाताएवढी जागा राहिली. वहिनीने बटण पहिल्या जागी, जिथे ते नेहमी असायचं तिथे आणलं. पेन्सिलची खूण वन्संना दिसली. त्यांनी ती नखाने खरवडून बघितली. ते वहिनीला लागलं.

मग एक घोटाळा झाला. वहिनी सवयीने स्टुलावर बसली आणि तिला काहीच दिसेना. ट्रे आता तपकिरी काचेच्या मागे होता. वन्संनी तिला खाली-वर वाकताना बघितलं. त्या आल्या, तिला जरा सरकायला लावून स्टुलाच्या कडेवर टेकल्या आणि खालच्या स्वच्छ पट्टीतून बघितलं. पट्टीत रिकामी खाच, आणि काचेत उमटलेलं त्यांचंच तोंड.

"अच्छा," वन्सं हळूच म्हणाल्या. "इथून बघायला म्हणून खाली आणली होतीत."

वहिनीने पिठाच्या हाताने नाक पुसलं. "तेव्हा तुम्ही नवीन होतात."

"म्हणजे मला पकडायला तुम्ही स्वतःचीच बिस्किटं जाळलीत."

"जाळली नाहीत. जळली."

वन्संना हसू आलं, आणि ते आवरायचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही.

ट्रे निघाला. वहिनीने एक बिस्किट उताणं केलं. तळ वाळलेल्या गवताच्या रंगाचा, वरून त्याहून किंचित फिका. दोघींनी तो उजेडात धरून, वास घेऊन, नखाने टकटक करून तपासला. सरळ विश्वास ठेवायची सवय दोघींचीही गेली होती.

शनिवारी सकाळी डबा घेऊन दोघी कॅफेत गेल्या. एकटीला पाठवायला एकही तयार नव्हती. कॅफेवालीने नमस्कारही न करता झाकण काढलं, वरचं बिस्किट उचललं आणि आधी उलटं केलं. मग दुसरं, मग डब्याच्या तळातलं.

"वरूनही बघा हो एकदा," वन्सं म्हणाल्या. "वरही आम्ही काम केलंय."

कॅफेवालीने एक बिस्किट खाल्लं. दुसरं घेतलं. "पुढच्या आठवड्यापासून तीन डबे चालतील?" तिने विचारलं, आणि वहिनी हो म्हणायच्या आत वन्सं म्हणाल्या, "घरी जाऊन सांगतो."

घरी येताना वहिनी मनात हिशेब करत होती. त्या 'सांगतो'मध्ये वन्संचा वाटा किती, हे तिला कळत नव्हतं. आत शिरल्यावर वन्संनी पदर खोचला, सोडा आणि फडकं घेतलं आणि ओव्हनची काच घासायला बसल्या. तपकिरी थर सुटायला वेळ लागला. शेवटी वरपासून खालपर्यंत काच लख्ख झाली.

"आता जाळी कुठेही असली तरी दिसेल," वन्सं म्हणाल्या. "बसा खुशाल पहाऱ्याला."

वहिनीने स्टूल ओढलं. थोडा विचार केला. मग वन्संचा पाट उचलून स्टुलाच्या शेजारी ठेवला.

"तुम्हीही बसा," ती म्हणाली. "माझ्यावर तरी पहारा कोण ठेवणार?"