गोधडीखालचं बटण

लेकीची परीक्षा घरूनच होती, खोलीत बसून, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस दिसलं, दुसऱ्याचा आवाज आला, की पेपर बंद. वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी. आईने सकाळपासून श्वाससुद्धा हळू घ्यायला सुरुवात केली होती.

नियम असा की टेबलावर एकच कीबोर्ड हवा आणि तोही वायरचा. म्हणून लेकीने नवा आणला. "आई, तो जुना बिनवायरचा नजरेआड कर गं," म्हणाली. आई काय, लेकीच्या शब्दासरशी उभी! तिने कीबोर्ड उचलला आणि शेजारच्या खोलीत, भिंतीला लागून असलेल्या कपाटात, अंथरुणांच्या खणात ठेवून दिला. बंद करायचं एक बारीक बटण त्याला होतं, पण ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पेपर सुरू झाला. हात रिकामे ठेवणं आईला जमलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. ती गोधड्यांच्या घड्या घालायला बसली, सगळ्यात जाड गोधडी खणात कोंबली, कपाट लावलं आणि लेकीच्या दाराशी येऊन टेकली.

आतून लेकीचा आवाज आला, आणि तो रडवेला होता. "सर, एकच अक्षर उमटतंय. सारखं! मी हातही लावला नाहीये."

स्पीकरमधून पर्यवेक्षकाचा थंड आवाज आला. "बटण अडकलं असेल. कीबोर्ड उलटा करा, झटका. कचरा जातो कधीकधी."

खडखड झाली. "नाही गेलं, सर. पान भरत चाललंय."

"पाणी, चहा सांडला होता?"

"नवा आहे, सर. कालच काढला खोक्यातून."

"बटण दाबून धरल्यावर अक्षर किती लवकर परत यावं, ती सेटिंग बघा."

"बघितली. ठीक आहे."

"मग वायर काढा."

आईने दाराची चौकट घट्ट धरली. वायर काढली म्हणजे पेपर संपलाच की!

"काढली," लेक म्हणाली. "सर... अजून उमटतंय."

पर्यवेक्षक म्हणाला, "म्हणजे तुमचा कीबोर्ड चांगला आहे. दुसरीकडून कुणीतरी टाइप करतंय. मला पेपर थांबवावा लागेल."

"सर, घरात फक्त आई आहे! तिला ईमेलसुद्धा उघडता येत नाही!"

दुसरीकडून. आईला कपाटातला जुना कीबोर्ड आठवला. ती धावली. कपाट उघडलं, जाड गोधडी ओढून काढली. कीबोर्ड तिरका पडला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात मिणमिणता हिरवा दिवा होता. मेल्या, तू जागाच होतास की!

"थांबलं!" भिंतीपलीकडून लेक ओरडली.

"आपोआप?" पर्यवेक्षकाचा आवाज आणखी थंड झाला. "मी दुसरीकडचा माणूस म्हणालो आणि लगेच थांबलं? सॉरी. मी नोंद करतोय."

झालं! आईने बरं करायला जावं आणि वाईट व्हावं. गप्प बसावं तर लेक चोर ठरते. बोलावं तर नियम मोडतो. तिला स्वतःचा इतका राग आला होता की रडूही येईना. ती कीबोर्ड घेऊन दारापाशी गेली आणि मोठ्यांदा म्हणाली, "साहेब, मी आई. ती दुसरीकडची मीच."

"आई, नको!" लेक किंचाळली.

"जुना कीबोर्ड मी कपाटात ठेवला, वर गोधडी दाबली. हातात घेऊन उभी आहे. मला काय करायचं ते करा, तिचा पेपर तेवढा..."

मग स्पीकर म्हणाला, "आत या. दोन्ही हात दिसू देत."

ती आत आली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एक बटण दाबा. सोडा."

तिने दाबलं. लेकीच्या पानावर एकच अक्षर उमटलं.

"आता कॉम्प्युटरच्या मागे नखाएवढा रिसीव्हर असेल. जुन्या कीबोर्डची अक्षरं तोच पकडतो. तो काढा."

लेकीने वाकून चाचपडत काढला, कॅमेऱ्याला दाखवला.

"परत दाबा."

आईने दाबलं. दाबतच राहिली. पान जसंच्या तसं होतं.

"तांत्रिक अडचण म्हणून नोंदवतो," तो म्हणाला. "पुढचं वरचे लोक ठरवतील. गेलेला वेळ मिळणार नाही. वायर जोडा आणि चालू करा."

लेकीने वायर जोडली. भरलेलं पान ती पुसू लागली. आई कीबोर्ड छातीशी धरून तशीच उभी, माफी मागायला तोंड उघडत होती.

"आई, बाहेर जा," लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "दार लाव."

आई मान खाली घालून वळली.

"आणि लांब जाऊ नकोस," मागून लेकीचा आवाज आला. "दाराशीच बस."