हरीओमच्या पाठीचे फोटो

हरीओमच्या पाठीवर लाल चट्टे उठत आणि तासाभरात मावळत. तेवढ्या तासात ज्योत्स्नाचा जीव टांगणीला लागे, आणि चट्टे गेले की घरचे तिच्याकडेच संशयाने बघत. मागच्या खेपेला वाशीमच्या डॉक्टरीणबाईंसमोर तर पोराची पाठ अशी लख्ख, की तिलाच वाटलं, आपण गोष्ट रचून तर आणली नाही?

"चट्टा उठला की फोटो काढा," बाई म्हणाल्या होत्या. "पंधरा दिवसांनी सगळे एकदम आणा. इथल्या वायफायवरून त्याच्या फाइलला चढवू."

ज्योत्स्नाने अकरा फोटो काढले. दीड वर्षाच्या पोराने काय काय खाल्लं त्याची वहीही ठेवली. मेडशीच्या घरात वायफाय नव्हतं आणि डेटा वाचावा म्हणून फोनचा बॅकअप फक्त वायफायवर लावलेला. गॅलरीत 'बॅकअपच्या प्रतीक्षेत' असं दिसायचं. नंबर लागलाय, आता काळजी नाही, असं तिला वाटे.

आज दवाखान्याच्या बाकावर बसून तिने गॅलरी उघडली. हरीओमचा एकच फोटो होता. त्यात तो ऐनवेळी वळून, सगळे दात दाखवून हसत होता. पाठ नव्हतीच.

"अहो, चट्टे कुठं गेले?"

"गेले? बरं झालं," शेजारी बसलेला तिचा नवरा विकास म्हणाला.

"पाठीवरचे नाही, फोनातले!"

फोन दोघांत एकच. विकासने आधी छताकडे पाहिलं, मग चपलेकडे. "काल मळणीचा व्हिडिओ घेऊन राह्यलो होतो. फोन म्हने जागा नाही. मंग ते साफसफाईचं ॲप चालवलं. ते म्हने, अकरा फोटो सारखेच हायेत, दहा धूसर हायेत, चांगला एक ठेवतो. म्या म्हटलं, ठेव बाप्पा."

"त्याले काय कळते चांगला कोणता?"

"ज्याच्यात पोरगं हासते तो."

ज्योत्स्नाने घाईने गॅलरीची कचरापेटी उघडली. पुसलेले फोटो तिथे महिनाभर राहतात हे तिला ठाऊक होतं. पेटी रिकामी.

"पेटीत टाकल्यावरबी जागा भरेलच दिसे," विकास हळूच म्हणाला. "म्हून तेबी साफ केलं."

"अन् प्रतीक्षेत लिहिलं होतं ते?"

"ते तं गॅलरीत. त्या ॲपले कसं दिसन?"

तेच तर होतं. गॅलरीचं स्वतःचं जागा करायचं बटण फक्त चढलेलेच फोटो काढतं. हे बाहेरचं ॲप, त्याला काय चढलं नि काय राहिलं याचा पत्ताच नाही.

तीन फोटो तिने बहिणीला पाठवले होते. रंजीताला फोन लावला.

"ताई, माझ्याकडं चोवीस तासांनी मेसेज आपोआप पुसले जातात. फोटोबी जातात. सासूबाई फोन पाहतात ना!"

आता आत जाऊन पुन्हा तीच लख्ख पाठ दाखवायची. ज्योत्स्नाचे डोळे भरले. विकासने कान खाजवला.

"गोविंदसिंगले विचारू का?"

गोविंदसिंगचं मेडशीत कृषी केंद्र. पानावरच्या डागाचा फोटो पाठवला की तो रोग सांगतो.

"त्याले कायले?"

"तू फोटो काढला की मी लगेच त्याले पाठवत होतो. डाग ओळखते ना तो."

"सोयाबीनचे!"

"मंग कोनाले दाखवू? तू तं म्हने, तुमाले काळजीच नाही."

ज्योत्स्नाने ते चॅट उघडलं. विकासच्या चॅटमधले फोटोही साफसफाईत गेले होते. नुसते अंधुक चौकोन उरलेले. पण गोविंदसिंग काहीच पुसत नसे. त्याच्या फोनात चार वर्षांपूर्वीची बोंडअळी अजून होती. विचारल्यावर पाच मिनिटांत त्याने गप्पांचे स्क्रीनशॉट धाडले.

डॉक्टरीणबाईंनी एकेक मोठा करून पाहिला. खाली गोविंदसिंगचं उत्तरही वाचलं. "'फवारणी नको. आधी डॉक्टरले दाखवा.' हे सांगणारे डॉक्टर कुठे बसतात?"

"खताच्या दुकानात," विकास म्हणाला.

बाई हसल्या, मग थांबल्या. "चट्टे खरेच आहेत. पण फोटो पाठवल्याची वेळ बघा. सगळे साडेसहा ते सात. तेव्हा घरात काय होतं?"

ज्योत्स्नाने वही उघडली. त्या वेळेला खाणं काहीच नव्हतं. मग तिने सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

"मी येतो," विकास म्हणाला. "मळणीवरून. आल्याबरोबर ह्याले उचलतो."

"भुसा लागलेल्या कपड्यांनी?" बाईंनी विचारलं.

"मंग! पोरगं धावत येते."

"आत्ताच नक्की सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पण आठ दिवस आंघोळ करून, कपडे बदलूनच उचला, आणि चट्टे उठतात का बघा. तोवर गोळ्या-औषधं मनाने नकोत."

ज्योत्स्नाने वायफायचा पासवर्ड मागितला. दहाही फोटो फाइलला चढले असं बाईंच्या पडद्यावर दिसेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. बाहेरचा पेशंट दोनदा डोकावून गेला.

बाहेर आल्यावर विकासने हरीओमसाठी हात पसरले. तिने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"शर्ट कोणता घातला?"

विकासने वाकून शर्टाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"कालचाच."