प्लास्टिकखालची अक्षरं

गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तातेरावांचा आवाज गेला, तेव्हापासून जे काही सांगायचं ते कागदावर लिहून सांगत. ते वारल्यावर त्यांच्या मुलीनं, पायलनं, ते सगळे कागद प्लास्टिकच्या पाकिटांत घालून फाईल केली होती. आता पहिल्या पुण्यस्मरणाला त्या कागदांची छोटी पुस्तिका करायची म्हणून तिनं पुण्याहून आईकडे, बेबीनंदाकडे, पानांचे फोटो मागितले.

बेबीनंदानं पहिला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"आई, मधोमध नुसता पांढरा डाग दिसतोय. फ्लॅश बंद कर."

फ्लॅश बंद केला, तर प्लास्टिकवर ट्यूबलाइटची पट्टी उमटली. वैतागून बेबीनंदानं पाकिटातून कागद ओढला. पत्र्याच्या घरातल्या उन्हाळ्यानं शाई प्लास्टिकला चिकटली होती. दोन ओळी पाकिटालाच राहिल्या. तिनं त्याकडे पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं न्हाई.

संध्याकाळ व्हायच्या आत दीर नागसेन एमआयडीसीतून ड्युटी संपवून आला.

"वैनी, बाकीचे ओढू नका. पाकिटातच फोटो काढू."

त्यानं ट्यूबलाइट बंद केली. फाईल खिडकीच्या बाजूला जमिनीवर ठेवली, म्हणजे उजेड आडवा येईल. मोबाईल बरोबर पानाच्या वर धरला. तरी पानावर काहीतरी पांढुरकं तरंगत होतंच.

"हा माझाच शर्ट दिसून राह्यला," तो म्हणाला. "वर काहीतरी काळं धरावं लागंल."

बेबीनंदानं काळी छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावरून मोबाईलवर धरली. छताचा, शर्टाचा पांढरेपणा गेला. खिडकीचा उजेड छत्रीखालून पानावर येत राहिला. अक्षरं काळी, स्वच्छ उमटली.

"आता तुमी काढा, मी छत्री धरतो."

तिनं पान उलटलं, चमक बघितली, बटण दाबलं. पुन्हा पान उलटलं. कुठं चमक उरली तर फाईल जराशी फिरवली. फाईल संपली, तसा नागसेन चहा न घेताच निघाला; तिनंही आग्रह केला न्हाई.

पायलचा फोन आला.

"आई, सगळं वाचता येतंय. पप्पांनी काय काय लिहिलंय गं!"

"काय लिहिलंय?"

"अगं, तूच तर फोटो काढलेस."

 एकही पान बेबीनंदानं वाचलं नव्हतं. नुसती चमक तेवढी पाहिली होती.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

पायल वाचू लागली. "पंखा हळू कर. नागसेनला म्हणावं, उद्या नको येऊ, ड्युटी बुडवू नको. बेबी, बाजरीची नको, ज्वारीची भाकर कर..."

बेबीनंदा फोन कानाला धरून भिंतीला टेकली. मधेमधे "हं" म्हणत राहिली. पायल रडत होती, हे तिला ऐकू येत होतं.

"थांबू का आई?"

"न्हाई. वाच."