चतुरामावशींचे शून्य दिवस

जिंतूरच्या आमच्या शिवणवर्गात चोवीस बायका होत्या आणि महिन्याच्या शेवटी मी केलेल्या गोषवाऱ्यात त्यांतल्या सर्वांत नियमित बाईची हजेरी शून्य आली.

चतुरामावशी. वय एकसष्ट. वर्ग उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या असायच्या. चहाही त्याच करायच्या.

"सुकेशनी," केंद्रप्रमुख बन्सीधर सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, "ह्या चतुराबाई एकदाही आलेल्या न्हाईत. वीस दिवसांच्या खाली प्रमाणपत्र न्हाई. नाव काट."

हे बोलताना त्यांच्या हातात मावशींनीच दिलेला चहा होता.

"सायेब, मी इथंच उभी हाय की," मावशी म्हणाल्या.

"तुमी आज हायत हो. महिन्याचं बोलायलोय मी."

"महिनाभर मीच चहा दिला तुमाला."

"चहा हजेरीत धरत न्हाईत, मावशी." सर तसे वाईट नव्हते. फक्त कागद आणि माणूस यांत कागद जास्त शांत असतो, म्हणून त्यांचा कल तिकडे. "पाच वाजता यादी परभणीला जायची. तवर काय ते बगा."

मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांना शिलाईतून काही मिळवायचं नव्हतं. शाळेत कधी गेल्या नव्हत्या. आपलं नाव छापलेला, चौकटीत बसवून भिंतीवर लावता येईल असा एक कागद त्यांना हवा होता. जागाही ठरली होती, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, थोडी डावीकडे. खिळा ठोकून झाला होता.

"पोरी, खिळा काढू का र्‍हाऊ दिऊ?"

"राहू द्या, मावशी."

माझी दीड वर्षाची चिऊ टेबलाखाली साडीच्या झोळीत झोपली होती. ती झोपली की माझं ऑफिस सुरू होतं. मी पायानं झोळी हलवत हजेरीचं रजिस्टर उघडलं.

गोषवारा मी मोबाइलवरून केला होता. पानांचे फोटो काढायचे, ॲप खुणा वाचून तक्ता करतं, प्रत्येकीच्या नावापुढं एकूण दिवस येतात. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत काम झालं की कुठंतरी चुकलंय हे मला आधीच कळायला हवं होतं.

मावशींच्या ओळीत रोज फुली होती. ओळभर फुल्याच फुल्या. ॲपनं फुली म्हणजे गैरहजर धरली. मीही धरली असती. पण शेजारची रेणुका, जी रोज अकराला मुलाला अंगणवाडीतून आणायला जायची ती परत यायचीच नाही, तिच्या ओळीत नुसत्या एकेरी तिरक्या रेघा होत्या आणि तिचे एकवीस दिवस भरले होते.

"एकवीस?" रेणुका खूश झाली. "मलाबी वाटायलंतं, मी लय आले."

मी पानाच्या तळाशी पाहिलं. तिथं शिवण शिकवणाऱ्या नर्मदाबाई मॅडम रोजची डोकी मोजून लिहायच्या. पहिल्या तारखेला लिहिलं होतं, सकाळ एकवीस, दुपार एकोणीस. आणि माझ्या तक्त्यात त्या दिवशी हजर होत्या चार बायका. चार बायकांसाठी कुणी चोवीस कात्र्या काढत नाही.

मी फुलीवर नाक टेकवून पाहिलं. फुलीचा एक पाय निळा होता, दुसरा काळा. दुसऱ्या दिवशीही तसंच. निळा मॅडमच्या पर्समधला पेन. काळा दाराला सुतळीनं बांधलेला, जो दुपारी जेवून आल्यावर मॅडमच्या हाती पहिला लागायचा.

मॅडम सोनपेठला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. फोन लावला. मागं नवं बाळ रडत होतं.

"अगं, सकाळी आली की उजवीकडं झुकती रेघ. दुपारी आली की डावीकडं झुकती. दोन्ही मिळून फुली. फुली म्हंजे पूर्ण दिवस! अठ्ठावीस वर्षं शाळेत असंच मांडलंय मी. गैरहजरीला 'गै' लिहिते. गै दिसला का कुठं चतुराबाईपुढं?"

"नाही, मॅडम."

"मंग!"

म्हणजे ॲपनं दोन्ही वेळा आलेल्या बायकांना घरी बसवलं होतं आणि एकदाच आलेल्यांना पूर्ण दिवस दिला होता. मी नियम बदलला: फुलीला एक दिवस, एकेरी रेघेला अर्धा, गैला काही नाही. पहिल्या तारखेला अठरा फुल्या, चार रेघा: वीस दिवस. तळाच्या एकवीस आणि एकोणीसची निम्मी बेरीज, तीही वीस. जमलं. मला इतकं बरं वाटलं की मी झोळीतल्या चिऊच्या तळव्याची पापी घेतली.

रेणुकाची बेरीज एकवीसवरून साडेदहा दिवसांवर आली. "मलाबी आधीच वाटायलंतं, मी एवढी कवा आले," ती म्हणाली.

मग चतुरामावशींची बेरीज आली. सव्वीस.

वर्ग भरला होता पंचवीस दिवस.

"हे बघ," सरांचा चहा थांबला. "आधी शून्य, आता महिन्यापेक्षा जास्त. ही बाई हाय का काय हाय? असं गेलं तर परभणीवाले पूर्ण रजिस्टर बोगस म्हणतील. नाव काट."

"सायेब, कमी पडले तरी काटायलाव, जास्त झाले तरी काटायलाव," मावशी म्हणाल्या. "मी किती येऊ ते एकदाच सांगा."

साडेचार वाजले होते. मी दिवसाच्या बेरजा एकेक करून तळाशी ताडून पाहिल्या. सगळ्या जमल्या. फक्त एका रविवारी तळाची जागा कोरी होती आणि माझ्याकडं एक बाई हजर होती. पान उघडलं. मावशींच्या ओळीत, रविवारच्या चौकटीत, एक ठसठशीत फुली. तिला निळा पाय नव्हता, काळाही नव्हता. दोन्ही हिरवे, जाड, मेणाचे.

मी वाकून झोळीत पाहिलं. चिऊच्या मुठीत हिरवा खडू होता आणि दातांवरही थोडा. फोटो काढायला रजिस्टर जमिनीवर पसरलं होतं, तेव्हा तिनंही कामाला हातभार लावला होता. ॲपनं तिची फुली आधी गैरहजर वाचली, म्हणून ती शून्यात लपली.

"सर, ही माझ्या पोरीची खूण आहे. चूक माझी. रविवार काढते. पंचवीस."

"काढू नको," मावशी म्हणाल्या.

आम्ही दोघंही त्यांच्याकडं पाहायला लागलो.

"त्या रविवारी मी आले व्हते. वार ध्यानात न्हाई राह्यला. कुलूप व्हतं. पायरीवर बसून दुपारपस्तोर काजं केली. सात काजं. लेकराला कसं कळलं कुणास ठाऊक."

सरांनी झोळीकडं पाहिलं. मग रजिस्टरकडं. मला वाटतं, ते चिऊला साक्षीदार धरावं का याचा विचार करत होते.

"रविवार धरता येत न्हाई," शेवटी ते म्हणाले, पण हळू. "पंचवीसच लिही. शेऱ्यात काय लिहायचं ते लिही. मी सही करतो."

मी रविवारच्या चौकटीला गोल केला, बाजूला सही केली आणि बेरीज पंचवीस लिहिली. मग शेऱ्याच्या रकान्यात, परभणीत कुणी वाचो न वाचो, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'रविवारी चतुराबाई हजर. केंद्र गैरहजर.'

पाचला पाच कमी असताना सरांनी न वाचता सही केली. मावशी चिऊच्या मुठीतला खडू सोडवत होत्या. ती सोडत नव्हती.