पंधरापैकी तेरा

गुणपत्रक मीच बनवलं होतं, तेव्हा खापर फोडायला दुसरं डोकं मिळणार नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या संस्थेत मी आरोग्य शिबिरांचं काम बघायची. दर महिन्याला पेठकडच्या एका पाड्यावर शिबिर असायचं. २००१ साली आमच्या डॉक्टर यादवांनी विचारलं, शिबिर चांगलं झालं की वाईट, हे तुम्ही कशावरून ठरवता, मंजुषाताई? मला झोंबलं. दोन दिवसांत एक पानी तक्ता तयार केला. पाच गोष्टी, प्रत्येकीला तीन गुण: थांबण्याचा वेळ, सावली आणि पाणी, डॉक्टरांची वागणूक, औषधांचा पुरवठा आणि समुपदेशनाची स्पष्टता. थांबण्याचा वेळ म्हणजे नोंदणीची चिठ्ठी मिळाल्यापासून औषधं हातात पडेपर्यंत. तासाच्या आत असेल तर तीन, दोन तासांच्या आत दोन, त्याहून जास्त असेल तर एक.

वेळेचा रकाना प्रत्येक महिन्यात एकावर अडकायचा, आणि अडकायचा तो ललिताच्या टेबलाशी. ललिता तिथल्याच वाडीची, बारावी झालेली. डॉक्टरांनी तपासल्यावर आणि औषधं मिळण्याआधी रुग्णाला समजावून सांगायचं काम तिचं. एकेकीशी ती पंधरा-वीस मिनिटं बोलत बसायची. रांग उन्हात वाढत जायची. मी तिला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तक्ताच तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, पाच मिनिटांत उरकत नसेल तर मी बसते. पुढच्या महिन्यात ती आली नाही. सातपूरला एका कारखान्यात बटणं डब्यांत भरायच्या कामाला लागल्याचं कळलं.

मी टेबलावर बसले. गुण सरळ तेरावर गेले. "समजलं का?" असं दारात विचारलं की प्रत्येक जण हो म्हणायचा, म्हणून स्पष्टतेलाही तीन. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पाड्यावरची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवं होतं. शहाणपण उशिरा येतं. नोव्हेंबरात यादवांनी प्रश्न बदलायला लावला. समजलं का असं विचारायचं नाही; दर पाचव्या रुग्णाला विचारायचं, घरी जाऊन गोळी कशी घ्याल? लोहाच्या गोळीसाठी तीन मुद्दे: जेवल्यावर घ्यायची, चहाबरोबर नाही, शौचास काळं झालं तर घाबरायचं नाही. प्रत्येकाला एक गुण. विचारणारी बाई समजावणारी नसावी, म्हणून नर्स छायाबाई दारात बसली.

दुपारपर्यंत माझ्या टेबलावरून गेलेल्या दहा जणींना विचारून झालं. सातजणींना एक मुद्दा आला, तिघींना एकही नाही. मग कमळाबाई आल्या, सुनेच्या गोळ्या घ्यायला. त्यांनी तिन्ही मुद्दे सांगितले, वर लिंबू पिळायचंही सांगितलं.

छायाबाईने विचारलं, मंजुषाताईंनी सांगितलं ना?

"नाय," कमळाबाई म्हणाल्या. "थोरल्या सुनेच्या येळी ललितानं सांगितलं हाय. ती आधी घरचं सगळं इचारायची, मग गोळीचं सांगायची. ती कवा येनार?"

मी टेबलाशी बसून हे ऐकलं. त्या दिवशी तिची इतकी आठवण झाली की रांगेतला प्रत्येक चेहरा तिलाच शोधतोय असं मला वाटायला लागलं. मला ती परत हवी होती. शिबिरासाठी तर होतीच, पण मला स्वतःलाही.

चार दिवसांनी मी सातपूरला कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. तीन वाजता पाळी सुटली. ललिता बाहेर आली, मला बघून थबकली, मग हसली. बाजूच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसलो. मी नवा तक्ता, माझे गुण आणि कमळाबाईंची उत्तरं नोंदवलेला, तिच्यापुढे ठेवला. तिने तो सावकाश वाचला.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं, असं दिसतंय," ती म्हणाली.

"तू परत ये, ललिता."

"नाही ताई." तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. "मी रागानं नाही गेले. पण दोन वर्षं एकत्र होतो आपण. तुम्ही मला तीन वेळा लवकर उरक म्हणालात. एवढा वेळ का लागतो, असं एकदाही विचारलं नाहीत."

मी विचारलं, आता विचारू का?

तिने टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले. मग कमळाबाईंपासून सुरुवात केली. घरी किती जण जेवतात, पहिला चहा कोण करतं, गोळ्यांची पुडी कुठे ठेवतात, सासूला आधी सांगितलं नाही तर सुनेच्या हाती गोळी का पडत नाही. मी ऐकत राहिले. तिची बस आली आणि गेली. दुसरी आली तेव्हा ती उठली. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा येऊ का, असं मी विचारलं.

"या," ती म्हणाली. "पण तक्ता नका आणू."