सात अक्षरांचा पत्ता

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ताईने टॅब उघडला आणि बाबांच्या डायरीत फक्त तीन दिवस होते.

असायला हवे होते चौदा महिने. गोळी कधी घेतली, हात कधी थरथरायला लागला, पाय कधी जमिनीला चिकटल्यासारखे झाले, किती वेळाने सुटले, असं सगळं ताई दिवसातून पाच-सहा वेळा त्या ॲपमध्ये टाकत होती. मेंदूचे डॉक्टर अकरा वाजता भेटणार होते. औषध बदलायचं की ऑपरेशनचा विचार करायचा, हे ते त्या नोंदी बघूनच ठरवणार होते. मागच्या भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: आठवणीतून सांगू नका, नोंदी आणा. पुढची वेळ तीन महिन्यांनंतरची होती.

"टॅब फुटला तेव्हा तू म्हणालास, सगळं परत येतं," ताई भावाला म्हणाली. तो जेवणाच्या टेबलाशी चहा ढवळत होता.

"आलं ना. ॲप आलं."

"ॲप आलं. डायरी कुठे आहे?"

ताईने ॲपच्या मदतकक्षाला चॅटवर गाठलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, खातं कोणत्या ईमेलवर आहे? तिने बाबांचा घरचा ईमेल दिला. खातं नाही. स्वतःचा दिला. नाही. भावाचा दिला. नाही. पावणेनऊ वाजले होते.

मग पलीकडून प्रश्न आला: "खातं उघडताना ईमेल लपवण्याचा पर्याय निवडला होता का? तसं असेल तर आमच्याकडे तुमचा खरा पत्ता नसतो. फोन कंपनीने तयार केलेला वेगळा पत्ता असतो."

ताईने प्रश्न मोठ्याने वाचला. भावाने चमचा बशीत ठेवला.

"मीच दाबलं होतं ते," तो म्हणाला. "जाहिरातींचे मेल येऊ नयेत म्हणून. बाबांना वैताग होतो."

"आणि हे तू मला आज सांगतोयस."

"विचारलंस कुठे?"

"चौदा महिने मी नोंदी करतेय. तुला एकदाही वाटलं नाही सांगावं?"

"मला काय माहीत, हे लागेल म्हणून."

आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "भांडण माझ्या आजारावर आहे की माझ्या ईमेलवर, तेवढं कळू दे. मग मी त्याप्रमाणे थरथरतो."

भावाने मग जे सांगितलं ते असं. जुना टॅब बाबांच्या नावाच्या, फोन कंपनीकडच्या खात्यावर होता. त्याचा पासवर्ड कुणालाच आठवेना. परत मिळवण्याचा अर्ज केला तर कंपनीने काही दिवस थांबायला सांगितलं. म्हणून नव्या टॅबवर त्याने नवीन खातं उघडलं आणि ॲपमध्ये त्या खात्याने आत जाण्याचं नेहमीचंच बटण दाबलं. बटण तेच होतं, खातं वेगळं होतं. म्हणून ॲपने नवा लपवलेला पत्ता घेतला आणि कोरी डायरी उघडली. डायरी कोरी आहे, हे त्याने पहिल्या दिवशीच पाहिलं होतं.

"पहिल्या दिवशी," ताई म्हणाली.

"मला वाटलं, नंतर भरून येईल."

"पाण्याची टाकी आहे का ती?"

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. अशी उभी राहिली की तिचा राग खरा असतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा आई ओट्याजवळून म्हणाली, "माझा फोन बघता का कुणी? तो तर यांच्याच खात्यावर आहे. यांनी घेतला तेव्हापासून."

आईचा फोन ओट्याच्या कडेला मसाल्याच्या डब्यापाशी उभा असे. पडद्याला तडा गेला होता. बाबांच्या गोळ्यांचा गजर लावण्यापलीकडे त्याला काम नव्हतं, त्यामुळे तो कुणाच्या मोजणीत नव्हता. आईही नसते, असं ती लगेच म्हणाली.

भावाने सेटिंग्ज उघडल्या. सर्वात वर बाबांचं नाव. आत या खात्याने प्रवेश केलेल्या ॲपची यादी. यादीत डायरीचं ॲप होतं. त्यावर बोट ठेवताच पत्ता दिसला: सात अक्षरांची निरर्थक जुळणी आणि तीन अंक, पुढे कंपनीचं शेपूट.

"ॲप याच फोनवर टाकलं तर?" ताईने खिडकीपाशी उभ्या उभ्याच विचारलं.

भावाने बघितलं. फोन जुना होता, ॲपला नवी यंत्रणा हवी होती. उतरत नव्हतं.

ताईने पत्ता एकेक अक्षर तपासत चॅटमध्ये टाकला. दोन मिनिटांनी उत्तर आलं: हो, या पत्त्यावर खातं आहे. शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची. सगळी डायरी नव्या खात्यात हलवता येईल, पण आधी मालकी पटली पाहिजे. त्यासाठी याच पत्त्यावर एक कोड पाठवू.

"पाठवा," तिने लिहिलं. साडेनऊ झाले होते.

कोड आला नाही. तिने पुन्हा मागवला. तोही आला नाही.

भावाने आईच्या फोनवरचं ते पान पुन्हा खाली सरकवलं. खाली एक ओळ होती. त्या लपवलेल्या पत्त्यावर आलेले मेल पुढे कुठे पाठवायचे, ते तिथे लिहिलेलं. बाबांचा ऑफिसचा ईमेल. बाबा अडीच महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते.

"ऑफिसचा का दिलात?" ताईने विचारलं. आता ती बाबांच्या दारात होती.

"खातं उघडलं तेव्हा माणसाला एकच ईमेल असायचा," बाबा म्हणाले. "ऑफिसने दिलेला. बाकीचा माणूस पत्राने भेटायचा."

दुसरा पत्ता जोडायला पासवर्ड लागत होता. काम पुन्हा तिथेच अडलं. बाबांनी दोन अंदाज सांगितले, दोन्ही चुकले. तिसरा सांगू नका, खातं कुलूपबंद होईल, असं भाऊ म्हणाला. "तू काहीच सांगू नकोस," ताई म्हणाली.

बाबांनी स्वतःच ऑफिसच्या संगणक विभागात फोन लावला. त्या माणसाने ओळखलं, तब्येत विचारली, मग नियम सांगितला. मेलबॉक्स बंद केलाय, पण नव्वद दिवस पुसत नाहीत. तासाभरासाठी उघडता येईल. त्यासाठी कर्मचाऱ्याचा सही केलेला अर्ज हवा आणि सही नोंदीतल्या सहीशी जुळली पाहिजे.

अर्ज भावाने लिहिला, कारण अक्षर त्याचं चांगलं. कागद बाबांच्या पुढ्यात ठेवला. सकाळच्या गोळीचा परिणाम उतरत होता. दुसरी साडेदहाला होती. ताईने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. बाबांनी सही केली. पहिल्या अक्षराची वेलांटी वर गेली आणि तिथेच चार-पाच वेळा कापली.

"ही कुणाची?" बाबांनी विचारलं.

ताईने फोटो काढून पाठवला. मग सगळे टॅक्सीत बसले. आईने गजराचा फोन पदरात धरला होता. भाऊ पुढे बसला आणि वाटभर मागे वळला नाही.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी दवाखान्याच्या बाकावर ताईला ऑफिसचा निरोप आला: अर्ज मिळाला, सही जुळत नाही, वरिष्ठांकडे पाठवलाय.

सहायकाने बाबांचं नाव पुकारलं. ताईने चॅटमध्ये लिहिलं, कोड पुन्हा पाठवा. पलीकडून उत्तर आलं: पाठवला आहे, त्याच पत्त्यावर.